मोठ्या अपडेटनंतर फोन तापतो, बॅटरी लवकर उतरते : खानदेशच्या उन्हाळ्यात हे जास्त दिवस चालते का?

भुसावळ_किराणा

नमस्कार मंडळी. माझे भुसावळला किराणा दुकान आहे आणि फोन दिवसभर गल्ल्याजवळ चालू असतो, कारण गिऱ्हाईक पैसे पाठवते ते त्यावरच दिसते आणि उधारीचा हिशोबही त्यातच आहे. फोन तीन वर्षांचा, मध्यम किमतीचा अँड्रॉइड आहे. मागच्या आठवड्यात त्यावर मोठे अपडेट आले, ते मी रात्री टाकून घेतले. तेव्हापासून फोनचा वरचा भाग, म्हणजे कॅमेऱ्याच्या आजूबाजूची पाठ, काहीही न करता कोमट असते आणि यूपीआयचे अ‍ॅप चार वेळा उघडले की चांगलीच तापते. पूर्वी सकाळी पूर्ण चार्ज केलेला फोन दुकान बंद होईपर्यंत पुरत असे, आता दुपारी चारलाच वीस टक्क्यांवर येतो.

दोन-तीन दिवसांत आपोआप ठीक होईल असे सगळे सांगतात. माझ्या शालकाकडे हाच फोन आहे, त्याने हेच अपडेट घेतले आणि त्याचा फोन खरोखरच तिसऱ्या दिवशी नेहमीसारखा झाला. माझा मात्र अजून तसाच आहे. तो नाशिकला असतो आणि मी भुसावळला, हा फरक सोडला तर दुसरे काही वेगळे दिसत नाही. हवेचा परिणाम म्हणावा, की माझी बॅटरी गेली आहे? जाणकारांनी कृपया सांगावे.

धुळे_मोबाईल_दुरुस्ती

दादा, बॅटरी बदलण्याची घाई करू नका. मी दुरुस्तीचे दुकान चालवतो, त्यामुळे हे सांगणे माझ्याच धंद्याच्या विरुद्ध आहे, पण मोठे अपडेट आले की पुढच्या आठवड्यात बॅटरी बदलायला येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना मी परत पाठवतो. खरोखर थकलेल्या बॅटरीची लक्षणे वेगळी असतात. टक्का सरळ उतरत नाही, तीसवरून एकदम बारावर येतो. कॅमेरा किंवा फ्लॅश चालू करताच फोन बंद पडतो आणि चार्जरला लावल्याबरोबर पुन्हा पंधरा टक्के दाखवतो. पाठ किंचित फुगून स्क्रीनच्या कडेला फट दिसू लागते. फट दिसली तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी बॅटरी काढून घ्या. तुमचा टक्का वेगाने पण एकसारखा उतरत असेल तर दोष बहुधा बॅटरीत नाही, काहीतरी तिला खात आहे.

माझा उपाय असा की फोन बंद करून रिकव्हरीत जावे आणि तिथून 'वाइप कॅश पार्टिशन' करावे. जुनी घाण निघून जाते आणि फोन थंड होतो. हे जमले नाही तर फॅक्टरी रीसेट.

चोपडा_ते_पुणे

धुळ्याच्या दादांनी बॅटरीबद्दल सांगितले ते शंभर टक्के बरोबर आहे. कॅशबद्दल मात्र थोडे वेगळे सांगावे लागेल. मी अँड्रॉइडच्याच कामात आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबले तर सांभाळून घ्या.

अ‍ॅप फोनमध्ये येते तेव्हा त्यातील बराचसा भाग प्रोसेसरला थेट चालवता येईल अशा रूपात नसतो. त्याचे रूपांतर फोनलाच करावे लागते. जुन्या लोकांना आठवत असेल, अँड्रॉइड ५ आणि ६ च्या काळात अपडेटनंतर फोन पहिल्यांदा सुरू होताना 'अ‍ॅप ऑप्टिमाइझ होत आहे, इतक्यांपैकी इतके' असा आकडा दाखवत पंधरा-वीस मिनिटे नुसता बसून राहायचा. तेच हे काम. २०१६ मध्ये अँड्रॉइड ७ आले तेव्हा ती वाट पाहणे काढून टाकले गेले, पण काम काही नाहीसे झाले नाही. ते मागे ढकलले गेले आणि तुम्ही फोन वापरत नसताना थोडे थोडे करायचे असे ठरले.

आता मोठ्या अपडेटमध्ये काय होते ते पाहू. आधी करून ठेवलेले रूपांतर त्या वेळच्या अँड्रॉइडच्या अंतर्गत रचनेला धरून केलेले असते. रचना बदलली की ते जसेच्या तसे वापरणे धोक्याचे असते, म्हणून फोन ते बाद ठरवतो. सुदैवाने तुम्ही कोणत्या अ‍ॅपचा कोणता भाग वारंवार वापरता ही नोंद टिकून राहते, त्यामुळे फोनला नव्याने शिकावे लागत नाही, फक्त काम पुन्हा करावे लागते. परंतु ते पूर्ण होईपर्यंत तुमचे यूपीआयचे अ‍ॅप कच्च्या रूपातूनच चालते. प्रत्येक वेळी उघडले की प्रोसेसर ते चालता चालता रूपांतरित करतो आणि अ‍ॅप पूर्ण बंद झाले की ते रूपांतर टाकून देतो, पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून. दिवसातून शंभर वेळा अ‍ॅप उघडणाऱ्या दुकानदाराच्या फोनवर ही किंमत शंभर वेळा मोजली जाते. उष्णता कॅमेऱ्याजवळ जाणवते याचेही कारण हेच असावे, कारण बहुतेक फोनमध्ये प्रोसेसरची पाटी वरच्या भागात असते आणि बॅटरी तिच्या खाली.

कायमचे रूपांतर करणारे पार्श्वभूमीतील काम केव्हा चालते, हा तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे. फोन चार्जिंगला हवा, स्क्रीन बंद होऊन साधारण अर्धा तास कोणी हात लावलेला नसावा आणि अलीकडच्या आवृत्त्यांत फोन फार तापलेलाही नसावा. तापमान ठरावीक पातळीच्या वर गेले की हे काम मधेच थांबवले जाते. नाशिकला रात्रभर उशाजवळ चार्जिंगला असलेल्या फोनला या तिन्ही अटी एकाच रात्री मिळतात. तुमच्या फोनला त्या मिळतात का? तुम्ही फोन केव्हा आणि कुठे चार्ज करता, ते सविस्तर लिहा.

राहता राहिली कॅशची गोष्ट. हे रूपांतर डेटाच्या भागात, प्रत्येक अ‍ॅपच्या स्वतःच्या जागेत ठेवलेले असते, कॅश पार्टिशनमध्ये नाही, आणि बऱ्याच नव्या फोनमध्ये तर तसले पार्टिशनच नसते. त्यामुळे ते पुसून या बाबतीत नुकसान नाही आणि फायदाही नाही. फॅक्टरी रीसेट मात्र टाळा. त्यात वापराची ती नोंदसुद्धा जाते, सगळी अ‍ॅप पुन्हा उतरवावी लागतात आणि जो आठवडा संपत आला होता तो नव्याने सुरू होतो.

अमळनेरच्या_बाई

माझ्याकडे आयफोन आहे, तरी अनुभव सारखाच आला म्हणून लिहिते. अपडेटनंतर फोन रात्री चार्जिंगला लावला की सकाळी गरम लागायचा. मला वाटले चार्जर बिघडला, म्हणून नवीन घेतला, तरी तेच. माझ्या फोनमध्ये शाळेच्या स्नेहसंमेलनांचे आणि घरच्या लग्नांचे मिळून हजारो फोटो आहेत. चार्जर बदलल्यावर पण तेच का होते, कोणी सांगेल का?

चोपडा_ते_पुणे

ताई, तुमच्याकडे कारण निराळे आहे, वेळ मात्र तीच. आयफोनवर अ‍ॅप तयार रूपातच येते, त्यामुळे मी वर सांगितलेले काम तिथे नसते. अपडेटनंतर आयफोन शोधासाठीची सूची नव्याने बांधतो आणि फोटोंमधील चेहरे, ठिकाणे, वस्तू ओळखण्याचे काम पुन्हा हाती घेतो. फोटोंचे हे काम फोन लॉक असताना आणि चार्जिंगला असताना चालते, म्हणून तुम्हाला सकाळी तो गरम लागतो आणि चार्जर विनाकारण बदनाम होतो. अपडेटनंतर काही काळ बॅटरीवर आणि तापमानावर असा परिणाम होऊ शकतो, हे अ‍ॅपल स्वतःच्या मदत-पानावर सांगते. फोटो जितके जास्त तितक्या रात्री जास्त. त्या काळात जाड कव्हर तेवढे काढून ठेवा.

स्पष्टवक्ता_जळगाव

हे सगळे ऐकायला छान आहे, पण कंपन्या जुना फोन मुद्दाम खराब करतात हे सिद्ध झालेले आहे. अ‍ॅपलने स्वतः कबूल केले होते. नवा फोन घ्यायला लावण्याचा हा धंदा आहे आणि आपण तो 'पार्श्वभूमीतील काम' म्हणून गोड मानून घेतो.

चोपडा_ते_पुणे

तुम्ही म्हणता ते प्रकरण खरे आहे, पण ते वेगळे होते. २०१७ च्या सुरुवातीला आलेल्या आयओएस १०.२.१ मध्ये थकलेल्या बॅटरीच्या फोनचा वेग कमी केला जात होता. फोन अचानक बंद पडू नये हे त्याचे कारण अ‍ॅपलने दिले, पण वापरणाऱ्यांना ते नीट सांगितले नव्हते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांनी ते मान्य करून माफी मागितली आणि बॅटरी बदलण्याचा दर उतरवला. तिथे फोन हळू होत होता, आणि बॅटरी बदलेपर्यंत तसाच राहत होता. इथे फोन तापतो, आणि ते दिवसागणिक कमी होत जाते. हेतूबद्दल तुमचा संशय तुमच्यापाशी ठेवा, पण लक्षणे एकत्र करू नका, नाहीतर भुसावळच्या दादांना उपाय सापडणार नाही.

स्पष्टवक्ता_जळगाव

हेतूबद्दल माझे मत तेच राहील. लक्षणे वेगळी आहेत, एवढे मान्य.

भुसावळ_किराणा

चोपड्याच्या भाऊंनी विचारले म्हणून सांगतो. दुकानात गिऱ्हाईक नसले की दहा-पंधरा मिनिटे फोन चार्जरला लावतो आणि कोणी आले की काढतो. चार्जर जलद आहे, तेवढ्यात बराच टक्का चढतो. घरी वरच्या मजल्यावर पत्र्याची खोली आहे, तिथे उन्हाळ्यात झोपवत नाही म्हणून आम्ही सगळे गच्चीवर झोपतो आणि फोन उशाशी असतो, चार्जर मात्र खाली. म्हणजे रात्री फोन चार्जिंगला नसतोच. शालक त्याच्या खोलीत रात्रभर लावून झोपतो, हे आता विचारून घेतले.

भाच्याने लॅपटॉपला जोडून काल दुपारी तीनच्या सुमारास एक आज्ञा चालवली, तिचे उत्तर असे आले :

```
adb shell dumpsys battery
  level: 41
  temperature: 431
```

४३१ म्हणजे काय ते आम्हाला कळले नाही. चारशे अंश तर नक्की नसणार.

केळीवाला_रावेर

दादा, तुमच्या फोनची अवस्था आमच्या केळीच्या बागेसारखी झाली आहे. विहिरीत पाणी आहे, मोटर ठीक आहे, पण थ्री-फेज लाइन ज्या वेळी येते त्या वेळी मोटर चालू करायला माणूस नाही आणि माणूस असतो तेव्हा लाइन नाही. मग एका रात्रीचे भरणे आठवडाभर रेंगाळते.

मला एक विचारायचे आहे. आमच्याकडे रात्रीत दोन-तीन वेळा वीज जाते. तेवढ्यात केलेले काम वाया जाते का?

चोपडा_ते_पुणे

रावेरच्या आप्पांनी एका वाक्यात सांगितले ते मी चार परिच्छेदांत सांगत होतो. वीज गेली की काम थांबते, पण वाया जात नाही. ज्या अ‍ॅपचे झाले ते झाले, पुढच्या संधीला उरलेल्यांपासून सुरुवात होते. मधेच अडकलेल्या एका अ‍ॅपचे तेवढे पुन्हा करावे लागते. इन्व्हर्टरवर चार्जर असेल तर प्रश्नच नाही.

दादा, तो आकडा अंशाच्या दहाव्या भागात असतो, म्हणजे तुमची बॅटरी ४३.१ अंशांवर होती. हा सगळा दोष अपडेटचा मानू नका. मे महिन्यात भुसावळला दुपारी दुकानातली हवाच चाळीसच्या वर असते, त्यात जलद चार्जिंग स्वतः उष्णता करते. मोजायचेच असेल तर सकाळी सातला, चार्जरला नसताना, रोज एकाच वेळी मोजा, म्हणजे उन्हाचा भाग वगळता येईल. आणि तुमच्या दुपारच्या दहा-पंधरा मिनिटांत ते काम सुरूही होत नसणार, कारण फोन चार्जिंगला असला तरी निवांत नसतो, आणि निवांत असलाच तर तापलेला असतो.

भाच्याला ही आज्ञा चालवायला सांगा :

```
adb shell dumpsys package dexopt
```

यादी फार लांब येईल. तिच्यात रोजच्या वापराची चार अ‍ॅप शोधा आणि प्रत्येकापुढे `status=speed-profile` आहे की `status=verify` ते पाहा. पहिले असेल तर त्या अ‍ॅपचे काम झाले आहे. दुसरे असेल तर अ‍ॅप अजून कच्च्या रूपात चालते आहे. जी अ‍ॅप तुम्ही कधी उघडतच नाही त्यांच्यापुढे `verify` कायमचे राहू शकते, त्याची काळजी नको.

मग आज रात्री फोन खालच्या मजल्यावर फरशीवर ठेवा, गादीवर किंवा उशीखाली नको. कव्हर काढा. जलद चार्जरऐवजी घरातला जुना साधा चार्जर लावा, त्याने फोन कमी तापतो आणि रात्री वेळेला तोटा नसतो. त्याआधी प्ले स्टोअरमधील साचलेली अपडेट उरकून घ्या, कारण नंतर घेतली तर त्या अ‍ॅपचे काम पुन्हा निघेल. भाचा रात्री नऊनंतर घरी असेल तर हेच काम आज्ञा देऊनही सुरू करता येते :

```
adb shell cmd package bg-dexopt-job
```

अर्धा-पाऊण तास लागू शकतो आणि फोन चांगला तापतो, म्हणून दुपारी मुळीच चालवू नका.

धुळे_मोबाईल_दुरुस्ती

कॅशबद्दल नवीन कळले, धन्यवाद. पण एक प्रश्न उरतो. मी कॅश पुसून दिलेल्या गिऱ्हाइकांचे फोन खरोखरच दुसऱ्या दिवशी सुधारलेले असतात, ते कसे?

चोपडा_ते_पुणे

दादा, फोन तुमच्या दुकानात रात्रभर बहुधा चार्जरला लावलेला असतो आणि त्याला कोणी हात लावत नाही. माझा अंदाज असा की सुधारणा त्या रात्रीने होते, पुसण्याने नाही. पडताळायचे असेल तर एखादा फोन न पुसता नुसता लावून ठेवा.

धुळे_मोबाईल_दुरुस्ती

करून पाहतो. अर्थात गिऱ्हाइकाला 'काहीच केले नाही' असे सांगून पैसे मागता येणार नाहीत, हा भाग वेगळा.

धडगाव_रहिवासी

माझेही अपडेट त्याच सुमारास झाले. मी रोज रात्री फोन चार्जिंगला लावतो, अटी सगळ्या पूर्ण होतात आणि वर सांगितलेली यादी पाहिली तर बहुतेक अ‍ॅप `speed-profile` दाखवतात. तरीही रात्री चार्जरवरून काढून ठेवलेला फोन सकाळपर्यंत पंधरा टक्के उतरतो. मग हे आणखी किती रात्री चालायचे?

चोपडा_ते_पुणे

दादा, तुमच्या बाबतीत रूपांतराचे काम संपले आहे, त्यामुळे आणखी थांबून काही होणार नाही. एक रात्र फोन विमान मोडवर, चार्जरशिवाय ठेवून पाहा. सहा-सात तासांत दोन-तीन टक्केच उतरला तर खाणारा नेटवर्कचा भाग आहे. डोंगराळ भागात टॉवर लांब असला की फोन सिग्नल शोधण्यात शक्ती घालवतो, आणि अपडेटनंतर नेटवर्कची निवड पुन्हा ५जी-स्वयंचलितवर गेली असेल तर मिळत नसलेले ५जी तो रात्रभर धुंडाळू शकतो. सेटिंगमध्ये ४जी निवडून बघा. विमान मोडवरही तितकाच उतरला तर बॅटरीच्या वापरात कोणते अ‍ॅप वर आहे ते इथे लिहा.

धडगाव_रहिवासी

विमान मोडवर तीन टक्के उतरला. ४जी निवडल्यावर रात्रीचे पंधरावरून नऊवर आले, पण अपडेटच्या आधी ते चार-पाच असायचे. टॉवर तोच आहे, मी तिथेच आहे. मधला फरक कशाचा?

चोपडा_ते_पुणे

अपडेटबरोबर मोडेमचे सॉफ्टवेअरही बदलते. दोष तिथे असेल तर आपल्या हातात उपाय नाही, पुढच्या लहान अपडेटची वाट पाहावी लागेल. फोनमध्ये दोन सिम असतील तर एक रात्र दुसरे बंद ठेवून फरक पडतो का तेवढे पाहा.

भुसावळ_किराणा

यादी पाहिली. यूपीआयचे अ‍ॅप, हिशोबाचे अ‍ॅप आणि व्हॉट्सअ‍ॅप तिन्हींपुढे `verify` होते, म्हणजे इतके दिवस तिन्ही कच्चीच चालत होती. रात्री फोन खाली फरशीवर, कूलरच्या वाऱ्यात, जुन्या चार्जरवर ठेवला. मधे एकदा वीज गेली होती. सकाळी व्हॉट्सअ‍ॅप आणि यूपीआय `speed-profile` झाले होते, हिशोबाचे अ‍ॅप दुसऱ्या रात्री झाले. काल दुकान बंद करताना चौतीस टक्के शिल्लक होते. दुपारी पाठ अजून गरम लागते, पण दुपारी गल्ल्यातली नाणीसुद्धा गरम लागतात.

एक शंका राहिली. बॅटरी टिकावी म्हणून मी ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याचा पर्याय चालू ठेवला आहे. ऐंशी झाल्यावर फोन चार्जरला असूनही चार्ज होत नाही, मग ते काम तेव्हा चालते की थांबते?

चोपडा_ते_पुणे

हे प्रत्येक कंपनीने कसे बसवले आहे त्यावर अवलंबून आहे. पुढच्या मोठ्या अपडेटनंतर दोन रात्री तो पर्याय बंद ठेवा आणि काम झाले की पुन्हा चालू करा. दोन रात्री शंभर टक्के चार्ज झाल्याने बॅटरीचे फारसे बिघडत नाही.

केळीवाला_रावेर

माझ्या फोनवर तो पर्याय चालूच आहे आणि अपडेट उद्या घ्यायचे आहे. मी तो मुद्दाम चालू ठेवून यादी पाहतो आणि काय दिसते ते इथे लिहितो.